पगार 21,000 च्या वर गेला की ईएसआय त्याच महिन्यात बंद होतं का?

प्रश्न: सर, मी भोसरी एमआयडीसीत कंत्राटदारामार्फत हेल्पर आहे, तीन वर्षं झाली. पगार 20,400 होता, स्लिपवर ईएसआयचे 153 रुपये कापलेले दिसतात. जुलैपासून 1,200 वाढले, आता 21,600 होतात. कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणतो, तू लिमिटच्या बाहेर गेलास, ईएसआय बंद, कार्डाचा आता उपयोग नाही. बायकोला सहावा महिना चालू आहे, ऑक्टोबरची तारीख दिली आहे. खरंच बंद झालं का? आणि इतकी वर्षं पैसे कापले, त्यात आम्हाला नेमकं मिळतं काय?

उत्तर: सुपरवायझरचं म्हणणं चूक आहे, आणि ही चूक मी गेली बावीस वर्षं ऐकतो आहे. भोसरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांची पीएफ आणि ईएसआयची रिटर्नं भरणं हेच माझं काम, त्यामुळे हा हिशेब दर वर्षी कुणाला ना कुणाला समजावून सांगावा लागतो. तुमचं ईएसआय जुलैत बंद झालेलं नाही. 30 सप्टेंबरपर्यंत ते चालू राहणार, तुमच्या पगारातून कपात होत राहणार, आणि त्या कपातीच्या जोरावर दवाखान्याचा आणि आजारपणाच्या पैशांचा हक्क तुम्हाला पुढच्या वर्षी 30 जूनपर्यंत मिळणार. बाळंतपण तर त्यात सहज बसतं.

हे असं का, ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा कुणी कार्ड टाकून दे म्हटलं तर उत्तर देता येईल.

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांचं असतं. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर हा एक तुकडा, 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हा दुसरा. याला अंशदान कालावधी म्हणतात, म्हणजे पैसे भरण्याचा काळ. 21,000 ची मर्यादा या तुकड्याच्या सुरुवातीला लागते. 1 एप्रिलला तुमचा पगार 20,400 होता, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या आत होतात. एकदा आत असलात की मधे पगार कितीही वाढला तरी तो तुकडा संपेपर्यंत तुम्ही आतच राहता. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा हप्ता वाढीव 21,600 वर कापला गेला पाहिजे. 1 ऑक्टोबरला पगार 21,000 च्या वर असेल तर तेव्हा तुम्ही बाहेर पडता, त्याआधी नाही. ओव्हरटाइमचे पैसे या मर्यादेत धरत नाहीत. अपंग कामगारासाठी हीच मर्यादा 25,000 आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. पैसे भरण्याचा काळ आणि लाभ घेण्याचा काळ एक नसतो. लाभाचा काळ तीन महिने मागाहून सुरू होतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये जे भरलं त्याचा लाभ जुलै ते डिसेंबर. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जे भरलं त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून. म्हणजे आज जुलैत तुम्ही जो हक्क वापरता आहात तो गेल्या हिवाळ्यात भरलेल्या पैशांचा आहे. आणि आत्ता जे भरता आहात ते पुढच्या जानेवारीपासून फळाला येणार. म्हणूनच ऑक्टोबरात बाहेर पडलात तरी डिसेंबरपर्यंतचा हक्क आधीच कमावलेला आहे, आणि जानेवारी ते जूनचा हक्क तुम्ही या सहा महिन्यांत कमावता आहात.

त्याला अट एकच. त्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांचा हप्ता तुमच्या नावावर जमा झालेला असला पाहिजे.

इथे सावध राहा. कंत्राटदाराने जुलैपासूनच तुमचं नाव काढलं असं धरा. मग एप्रिल, मे आणि जून एवढेच दिवस उरतात. महिना पगार म्हणून सगळे दिवस धरले तर ते 91 होतात आणि तुम्ही तरून जाता. पण बरेच कंत्राटदार 26 दिवसांच्या हजेरीवर रिटर्न भरतात. 26 गुणिले 3 म्हणजे 78. बरोब्बर काठावर. त्या तीन महिन्यांत एक बिनपगारी खाडा पडला असेल तरी 77 होतात आणि जानेवारी ते जूनचा अख्खा लाभ जातो. सुपरवायझर सहज बोलून गेला असेल, पण त्या एका वाक्याने तुमचं इतकं नुकसान होऊ शकतं.

नाव काढतात कसं, तेही सांगतो. दर महिन्याचा हप्ता मालकाला पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत ऑनलाइन भरावा लागतो. त्या पानावर प्रत्येक कामगाराचे दिवस आणि पगार भरायचे असतात, आणि दिवस शून्य टाकले तर कारण निवडावं लागतं. पगार मर्यादेबाहेर गेल्याचं कारण तिथे `Out of Coverage` असं दिसतं, आणि ते फक्त एप्रिल आणि ऑक्टोबर या दोनच महिन्यांसाठी चालतं. जुलैत ते लागू होत नाही, कारण जुलैत कुणी बाहेर जाऊच शकत नाही. मग ज्या कंत्राटदाराला स्वतःच्या वाट्याचे महिन्याचे 702 रुपये वाचवायचे असतात किंवा ज्याला नियमच ठाऊक नसतो तो `Left Service` निवडून मोकळा होतो. कागदोपत्री तुम्ही नोकरी सोडलेली असते आणि प्रत्यक्षात रोज पाळीवर हजर असता.

हे ओळखणं अवघड नाही. जुलैच्या पगार स्लिपवर 162 रुपयांची कपात दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर गडबड तिथेच आहे. कपात दिसली तरी थांबू नका. 15 ऑगस्टनंतर ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमध्ये जा, तुमचा दहा आकडी विमा क्रमांक टाका आणि जुलैचे दिवस व पगार जमा दिसतात का ते पाहा. मोबाइलवर जमत नसेल तर शाखा कार्यालयात जाऊन विचारा, ते काढून दाखवतात. नोंद नसेल तर कंत्राटदाराला आणि ज्या कंपनीत प्रत्यक्ष काम करता तिच्या एचआरला, दोघांनाही लेखी कळवा. कंपनीला कळवायचं कारण असं की कंत्राटी कामगाराच्या हप्त्याची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते. कंत्राटदाराने भरलं नाही तर ईएसआयसी कंपनीकडून वसूल करते, आणि कंपनी ते कंत्राटदाराच्या बिलातून कापते. माझा अनुभव असा आहे की कंपनीच्या एचआरला अर्ज मिळाला की दुरुस्ती आठवड्याभरात होते. नुसत्या कंत्राटदाराकडे खेपा घालून महिने जातात.

आता पैशांचा हिशेब. तुमच्या पगारातून 0.75 टक्के कापतात आणि मालक स्वतःच्या खिशातून 3.25 टक्के भरतो. 1 जुलै 2019 पासून हेच दर आहेत, त्याआधी ते 1.75 आणि 4.75 होते. 20,400 वर तुमचे 153 आणि मालकाचे 663, मिळून 816. वर्षाला तुमच्या खिशातून 1,836 रुपये गेले आणि मालकाने 7,956 भरले. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. काही ठिकाणी स्लिपवर दोन्ही वाटे मिळून चार टक्के कापलेले मी पाहिले आहेत. ते सरळ बेकायदेशीर आहे. तुमच्या स्लिपवर 153 आहे, म्हणजे त्या बाबतीत तुमचा कंत्राटदार नीट आहे.

यात मिळतं काय, तर पहिली गोष्ट दवाखाना, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही, घरच्यांचाही. तपासणी, औषधं, भरती, शस्त्रक्रिया, यासाठी वरची रकमेची मर्यादा सांगून कुणी अडवत नाही. मोठ्या आजारासाठी ईएसआयचं रुग्णालय पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात पाठवतं आणि बिल परस्पर भागतं. मात्र हृदय, किडनी, कॅन्सर अशा सुपर स्पेशालिटी उपचारांना नोकरीच्या काळाची आणि हप्त्याच्या दिवसांची वेगळी अट आहे. तीन वर्षं सलग भरणाऱ्या तुमच्यासारख्याला ती अडसर ठरत नाही.

बाळंतपणासाठी तुमच्या भागात चिंचवडला मोहननगरचं ईएसआय रुग्णालय आहे. बायकोचं नाव तुमच्या ई-पहचान कार्डावर आहे का ते आजच बघा. लग्नाआधी कार्ड निघालेलं असलं की बायकोचं नाव चढवायचं राहून जातं, आणि ते कळतं कळा सुरू झाल्यावर केसपेपरच्या खिडकीपाशी. नाव नसेल तर आधार कार्ड घेऊन या आठवड्यात चढवून घ्या आणि लगोलग तिची गरोदरपणाची नोंदणी करून टाका. ऑक्टोबरची वाट बघू नका. तेव्हा तुमच्या नावापुढे मर्यादेबाहेर गेल्याची नोंद पडलेली असेल, आणि खिडकीवरचा माणूस गोंधळला तर तुम्हाला वाद घालत बसावं लागेल. आधीची नोंदणी हातात असली की तो वाद होत नाही. तरी कुणी अडवलंच तर एकच वाक्य सांगा: गेल्या ऑक्टोबर ते मार्चचे हप्ते भरलेले आहेत, त्यांचा लाभ 31 डिसेंबरपर्यंत आहे. शाखा कार्यालयातून पात्रतेचा कागद काढून जवळ ठेवलात तर आणखी बरं.

एक मात्र स्पष्ट सांगतो, कारण यावर पुष्कळांची निराशा होते. 26 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा, तीही पूर्ण सरासरी पगाराने, ही ईएसआयमध्ये आहे, पण ती त्या बाईलाच मिळते जिच्या स्वतःच्या नावाने हप्ता जातो. तुमची पत्नी स्वतः विमाधारक नसेल तर तिला उपचार मिळतील, रोख पैसे नाहीत. जिथे ईएसआयची बाळंतपणाची सोय नाही अशा ठिकाणी बाळंतपण झालं तर विमाधारकाला 7,500 रुपये मिळतात, तेही पहिल्या दोन बाळंतपणांनाच. तिला माहेरी, एखाद्या लांबच्या तालुक्यात पाठवणार असाल तर हे लक्षात ठेवा आणि जाण्याआधी शाखा कार्यालयात विचारून जा.

दुसरी गोष्ट आजारपणाचे पैसे. माझ्या मते कमी पगाराच्या माणसाला ईएसआयचा खरा आधार हा आहे, कारण दवाखाना दुसरीकडे फुकट मिळू शकतो, पण बुडालेली मजुरी दुसरं कुणी देत नाही. तुम्हाला टायफॉइड झाला आणि डॉक्टरांनी तीस दिवस घरी बसवलं असं समजा. या डिसेंबरपर्यंत आजारी पडलात तर हिशेब गेल्या ऑक्टोबर ते मार्चच्या पगारावर होतो. सहा महिन्यांचे 1,22,400 रुपये भागिले 182 दिवस, म्हणजे रोजची सरासरी साधारण 672 रुपये. तिचे 70 टक्के म्हणजे 470. पहिले दोन दिवस धरत नाहीत, म्हणून 28 दिवसांचे तेरा हजारांच्या थोडे वर तुमच्या बँक खात्यात येतात. हेच आजारपण पुढच्या फेब्रुवारीत आलं तर हिशेब या एप्रिल ते सप्टेंबरचा लागेल, त्यात तीन महिने वाढीव पगाराचे असल्याने रोजचे 482 पडतील. फेब्रुवारीत तुम्ही ईएसआयच्या बाहेर असाल, पगारातून एक रुपया कापला जात नसेल, तरीही हे पैसे मिळतात. वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस असे मिळू शकतात. क्षय, कॅन्सर, पक्षाघात अशा ठरवून दिलेल्या 34 दीर्घ आजारांमध्ये हे 80 टक्क्यांनी आणि दोन वर्षांपर्यंत वाढतात, त्याला मात्र मागची दोन वर्षं सलग नोकरीची अट आहे.

हे पैसे बुडतात ते बहुतेक एकाच कारणाने. माणूस ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, पंधरा दिवस तिथेच औषध घेतो, आणि बरा झाल्यावर त्या डॉक्टरचा दाखला घेऊन शाखा कार्यालयात येतो. तो दाखला सहसा चालत नाही. आजारपणाचं सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं, पहिल्या दिवसापासूनचं लागतं, मधल्या काळाचं वेगळं आणि कामावर जायला योग्य झाल्याचं शेवटचं वेगळं. औषध हवं तर खासगीत घ्या, पण पहिल्या दिवशी ईएसआय दवाखान्यात जाऊन सर्टिफिकेट फाडून घ्या. रांग असते, अर्धा दिवस जातो, हे मला माहीत आहे. पण त्या अर्ध्या दिवसावर तुमचे तेरा हजार अवलंबून असतात. दुसरी एक गोष्ट, हे पैसे घेत असताना मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही. आजारी म्हणून नाव कमी केलं असं कुणी सांगितलं तर ते सर्टिफिकेटच तुमचा पुरावा ठरतं.

तिसरी गोष्ट अपघात, आणि इथे 78 दिवसांची अटच नाही. कामाच्या पहिल्या दिवशी हात मशिनमध्ये गेला तरी पूर्ण हक्क आहे. यातला एक प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या हातून गेला आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रेस शॉपच्या मालकाचा मला रात्री साडेनऊला फोन आला. कंत्राटी हेल्परची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली होती. पोरगा तीन महिने कामावर होता, पगार 12,000, आणि कुणीच त्याचं नाव ईएसआयला चढवलं नव्हतं. मालक म्हणाला, आजची रुजू तारीख टाकून लगेच नोंदणी करा. मी नाही म्हटलं. अपघाताच्या दिवशीच रुजू झालेला माणूस दिसला की शाखा कार्यालय चौकशी लावतं, हजेरी मस्टर मागवतं, आणि खोटं उघडं पडलं की मालक तर अडकतोच, पण कामगाराचा दावाही तोपर्यंत लोंबकळत राहतो. आम्ही खरी रुजू तारीख टाकली, अपघाताचा अहवाल दुसऱ्या सकाळी ऑनलाइन भरला, तीन महिन्यांचे हप्ते बारा टक्के व्याजासकट भरले. मालकाला ते दुखलं, पण एकूण रक्कम काही हजारांतच होती.

त्या पोराला काय मिळालं ते बघा. 12,000 म्हणजे रोजचे 400. जखम भरेपर्यंत कामावर येता येत नव्हतं, तो काळ अडीच महिन्यांचा, त्यात रोज 90 टक्क्यांनी म्हणजे 360 रुपये, एकूण सत्तावीस हजार. नंतर तो मेडिकल बोर्डापुढे गेला. एका हाताची दोन बोटं गेली तर कमावण्याची ताकद 20 टक्के कमी झाली असं कायद्याच्या तक्त्यातच दिलेलं आहे. म्हणून 360 च्या 20 टक्के, रोजचे 72 रुपये, महिन्याला दोन हजार शंभरच्या वर, आणि हे तो जिवंत असेपर्यंत, तो दुसरीकडे नोकरी करत असला तरी. वयाने तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. रक्कम लहान वाटते, पण चाळीस वर्षं ती दर महिन्याला येणार आहे. अपघातात मृत्यू झाला तर पत्नी आणि मुलांना मिळून सरासरी पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत मासिक रक्कम मिळते, आणि अंत्यसंस्कारासाठी 15,000.

यातून तुम्ही एकच घ्या. मालकाने हप्ता भरला नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. तुम्ही तिथे काम करत होतात हे दाखवता आलं पाहिजे. पगार स्लिपा, बँकेत जमा झालेला पगार, गेट पास, हजेरीचा फोटो, जे असेल ते सांभाळून ठेवा. कामगाराच्या हातात कागद नसला की तीच केस वर्षभर रखडते.

आता एक नवा मुद्दा, कारण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणखी तुमच्या बाजूने झुकवू शकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ईएसआय येतं. तिथे वेतनाची व्याख्या वेगळी आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता हे वेतन. घरभाडे, प्रवास अशा गोष्टी बाहेर. मात्र बाहेर ठेवलेल्या या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. तुमच्या 21,600 मध्ये मूळ आणि महागाई भत्ता मिळून समजा 15,000 असेल आणि बाकी 6,600 घरभाडे व प्रवास असेल, तर या व्याख्येने तुमचं वेतन 15,000 ठरतं, आणि तुम्ही ऑक्टोबरातही 21,000 च्या आतच राहता. म्हणून सुपरवायझरला नाही, एचआरला विचारा: माझ्या 21,600 मधलं ईएसआयसाठीचं वेतन किती धरता? उत्तर लेखी मागा. याची दुसरी बाजूही पाहा. वेतन कमी धरलं की कपात कमी होते, पण आजारपणाचे पैसेही त्याच कमी वेतनावर मिळतात. 15,000 धरले तर रोजचे 470 न मिळता साडेतीनशेच्या आसपास मिळतील. तरीही ज्याच्या घरात बाळ येणार आहे त्याने आत राहणं पत्करावं, असं मी म्हणेन.

आत राहायचं की बाहेर, हे मनावर मात्र नसतं. काही कामगार मला सांगतात, पगारवाढ नको म्हणतो, ईएसआय राहू दे. मला त्यांचं दुःख कळतं. 21,000 ची मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून आहे तिथेच आहे. त्याआधी 15,000 होती, ती 2010 पासून 2016 अखेरपर्यंत चालली. तेव्हापासून घरभाडं किती वाढलं, दवाखान्याची बिलं किती वाढली, ते तुम्ही जाणताच. 1,200 रुपयांच्या वाढीने माणूस श्रीमंत होत नाही, पण त्याचं कुटुंब विम्याबाहेर पडतं. ही मर्यादा वर सरकायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तरीही पगारवाढ नाकारू नका. पीएफ, ग्रॅच्युइटी, पुढच्या नोकरीतला पगार, हे सगळं त्या आकड्यावर उभं राहतं.

30 जूननंतर, खरंच मर्यादेबाहेर असाल तर, स्वतः पैसे भरून ईएसआय चालू ठेवायची सोय तुमच्यासारख्या नोकरीवर असलेल्याला नाही. उपचारांसाठी राज्याची महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी. ती बुडालेल्या मजुरीचे पैसे देत नाही. खासगी आरोग्य विमा घेणार असाल तर जूनची वाट न बघता आधी घ्या, कारण बहुतेक पॉलिसींमध्ये जुन्या आजारांना सुरुवातीची काही वर्षं संरक्षण नसतं. ईएसआय चालू असतानाच ती वर्षं मोजायला लागलेली बरी.

आणि बाळ झाल्यावर त्याचं नाव कार्डावर चढवायला विसरू नका. जन्मदाखला मिळाला की लगेच. पुढच्या जूनपर्यंत त्याच्या लसी, ताप, खोकला सगळं त्यात बसतं. जुलैची स्लिप आली की 162 ची कपात आहे का ते बघून इथेच लिहा. कपात नसेल तर एचआरला द्यायच्या अर्जाचा मजकूर मी करून देतो.